पाच मुलाखतकार, पाच वेगळे काटे : कडक आणि सैल मार्कांचं काय करायचं

प्रश्न : आमच्या प्लांटमध्ये डिप्लोमा ट्रेनींची भरती चालू आहे. १८० मुलं, ४० जागा, पाच जण मुलाखत घेतात, प्रत्येकाकडे ३६ मुलं, मार्क २५ पैकी. प्रॉडक्शनचे एक सर कोणालाच सोडत नाहीत, त्यांची सरासरी १२. क्वालिटीच्या मॅडमची सरासरी १८. बाकी तिघे १५ च्या आसपास. यादी लावली तर सरांच्या खोलीतले जेमतेम तिघे बसले आणि मॅडमच्या खोलीतले पंधराच्या वर. एक्सेलमध्ये सगळ्यांची सरासरी सारखी करून टाकावी का? आणि पुढच्या बॅचला हे होऊ नये म्हणून काय करता येईल?

उत्तर :

मी गेली १७ वर्षं शॉपफ्लोअरची भरती करते, त्यात निम्म्याहून जास्त डिप्लोमा आणि आयटीआयची मुलं, त्यामुळे तुमची यादी मला डोळ्यासमोर दिसतेय. सरासरी सारखी करण्याचं गणित पाच मिनिटांचं आहे आणि ते मी खाली देतेच, पण ते करायच्या आधी एक गोष्ट बघायला लागते, कारण हे गणित एका गृहीतावर उभं आहे आणि ते गृहीत चुकीचं निघालं तर तुम्ही अन्याय दुरुस्त करायला जाऊन नवीन अन्याय कराल.

ते गृहीत म्हणजे पाचही खोल्यांत साधारण सारख्याच कुवतीची मुलं गेली. तुमच्याकडे मुलं खोल्यांत कशी वाटली? हे कुठेतरी लिहून ठेवलेलं नसतं, गेटवर किंवा रिसेप्शनला जो माणूस होता त्याला विचारा. माझ्याच एका जुन्या कंपनीत आम्ही एका मेंटेनन्स इंजिनिअरला सरसकट कडक ठरवलं होतं, त्यांच्या तोंडावर बोललो पण होतो. नंतर कळलं की फॉर्म कॉलेजवार गठ्ठ्यात आले होते, आणि ज्या कॉलेजची बस उशिरा आली ती सगळीच्या सगळी पोरं त्यांच्या खोलीत गेली होती. लेखी परीक्षेत त्याच कॉलेजचे मार्क सगळ्यात कमी होते. म्हणजे त्यांनी दिलेले कमी मार्क बऱ्याच अंशी खरे होते, आणि आम्ही जर सरासरी सारखी केली असती तर त्या मुलांना फुकटचे तीन-चार मार्क मिळाले असते आणि दुसऱ्या खोलीतल्या चांगल्या मुलांचे तेवढेच गेले असते.

तुम्ही हे असं तपासा. लेखी चाचणीचे किंवा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचे मार्क खोलीनुसार वेगळे काढा. पाचही खोल्यांची लेखी सरासरी जवळपास सारखी असेल तर मुलं बरी मिसळलेली आहेत, मग मुलाखतीच्या सरासरीतला फरक बहुतेक मुलाखतकाराचा. लेखी सरासरीतच सरांची खोली खाली असेल तर थांबा, तो फरक नुसता सरांचा नाहीये.

दुसरं म्हणजे किती फरकाला फरक म्हणायचं. मुलं अगदी चिठ्ठ्या टाकून वाटली तरी प्रत्येक खोलीची सरासरी थोडी इकडेतिकडे होणारच. २५ पैकी मार्क असतील आणि एका खोलीतल्या मुलांचे मार्क सरासरीपासून साधारण ४ ने वरखाली होत असतील, तर ३६ मुलांच्या सरासरीत ४ भागिले ६, म्हणजे पाऊण मार्काच्या आत नुसत्या योगायोगाचं हेलकावणं असतं, आणि दोन खोल्यांच्या तुलनेत ते मिळून एक मार्काच्या जवळ जातं. मी याच्या दुप्पट धरते. म्हणजे दोन मार्कांपर्यंतचा फरक दिसला तर मी कोणालाही कडक किंवा सैल म्हणत नाही. तुमचे बाकीचे तिघे १५ च्या आसपास आहेत, त्यांना हात लावू नका. पण १२ आणि १८ हा सहा मार्कांचा फरक, मुलं मिसळलेली असतील तर, योगायोगाचा नाही. उलट प्रत्येकाने आठ-आठच मुलं घेतली असती तर तीन मार्कांचा फरक पण सहज नशिबाचा असू शकला असता, म्हणून छोट्या भरतीत हे गणित करूच नये असं माझं मत आहे.

आता ते गणित. मुलाच्या मार्कातून त्याच्या मुलाखतकाराची सरासरी वजा करायची आणि सगळ्यांची एकत्र सरासरी मिळवायची. बी कॉलममध्ये मार्क आणि सी कॉलममध्ये मुलाखतकाराचं नाव असेल तर:

```
=B2-AVERAGEIF(C:C,C2,B:B)+AVERAGE(B:B)
```

सरांच्या खोलीत एकाला १६ मिळाले. सरांची सरासरी १२, एकूण सरासरी १५, म्हणजे त्याचे झाले १९. मॅडमच्या खोलीत एकाला २० मिळाले, त्याचे २० वजा १८ अधिक १५, म्हणजे १७. कच्च्या यादीत दुसरा चार मार्कांनी पुढे होता, आता पहिला दोन मार्कांनी पुढे आहे. याचा अर्थ एवढाच की सरांकडून १६ काढणं हे मॅडमकडून २० काढण्यापेक्षा अवघड होतं. बाकी तिघांची सरासरी दोन मार्कांच्या आत आहे, त्यांच्या मुलांचे मार्क आहेत तसेच ठेवा, हे सूत्र फक्त सर आणि मॅडमच्या ओळींना लावा.

बरेच जण इथे पुढे जाऊन पसारा पण सारखा करतात, म्हणजे कोणी सगळ्यांना १४ ते १६ मध्येच देतो आणि कोणी ५ पासून २३ पर्यंत देतो तर तेही एका मापात बसवतात. मी हे करत नाही. ३६ मुलांवरून सरासरी बरी कळते पण पसारा तितका भरवशाचा कळत नाही, आणि जो मुलाखतकार सगळ्यांना १५ च देतो त्याचे मार्क ताणून मोठे केले तर त्याने सहज म्हणून दिलेला एक मार्क चार मार्कांएवढा होतो, जिथे त्याने खरं तर काही फरक पाहिलेलाच नव्हता.

आणि दुरुस्त केलेल्या मार्कांवर थेट ४० नावं कापायची नाहीत. हे मार्क अजूनही धूसर आहेत. दुरुस्तीनंतर पहिली २५ एक नावं बहुतेक कुठल्याही हिशेबाने आत येतात, ती घ्या. साधारण २६ पासून ६० पर्यंतची जी मुलं आहेत त्यांना परत बोलवा आणि पहिल्या वेळी नव्हते असे दोन जण मिळून पंधरा मिनिटांची दुसरी मुलाखत घेऊ द्या, त्या दोघांना आधीचे मार्क न दाखवता. ३५ मुलं म्हणजे एका जोडीचं दोन दिवसांचं काम, दोन जोड्या लावल्या तर एका दिवसाचं. सरांच्या खोलीतल्या मुलांना खरा न्याय इथे मिळतो.

अजून एक, नियम आधी ठरवून लिहून ठेवा आणि मग यादी बघा. यादी बघून कुठलं सूत्र लावायचं ते ठरवलं तर कोणीतरी आपल्या माणसाला बसवायला सूत्र बदलून मागतो, आणि तुम्हाला नाही म्हणायला आधार राहत नाही. सरकारी किंवा निमसरकारी भरती असेल तर जाहिरातीतल्या नियमांबाहेर जाऊन मार्कांना हातच लावू नका. उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाच्या न्यायाधीश भरतीवरून सुप्रीम कोर्टाचा २००७ चा एक निकाल आहे, तो लेखी परीक्षेबद्दल आहे पण त्यातला विचार आपल्याला लागू पडतो. आयोगाने तपासनिसांमधला फरक घालवायला आकडेवारीचं स्केलिंग लावलं होतं. कोर्टाने कडक आणि सैल तपासनिसांच्या फरकाला हॉक-डव्ह म्हणजे ससाणा आणि कबुतर हे नाव घेऊनच चर्चा केली, आणि सांगितलं की सगळ्यांनी तेच पेपर दिलेत तिथे हा मार्ग योग्य नाही, मॉडरेशन करा. म्हणजे तपासनिसांना आधी एकत्र बसवा, नमुन्याचे पेपर तपासून माप एक करा, मुख्य तपासनिसाने मधेमधे पेपर परत बघावेत, आणि तरीही कोणी कडक दिसला तर त्याच्या सगळ्या पेपरना सारखी दुरुस्ती. क्रम बघा. आधी माणसं जुळवायची, आकडे सगळ्यात शेवटी. आपण भरतीत नेमकं उलटं करतो.

तर माणसं कशी जुळवायची, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आणि खरं काम इथे आहे.

मुलाखतींच्या आदल्या दिवशी पाचही जणांना दोन तास एका खोलीत बसवा. मागच्या बॅचच्या तीन ट्रेनींना विनंती करा की त्यांनी परत एकदा मुलाखत द्यावी, एक बरा, एक मधला, एक कच्चा, पण कोण कुठला ते मुलाखतकारांना सांगू नका आणि शक्यतो त्यांना न ओळखणारे लोक बसवा. नवीन उमेदवारावर हा प्रयोग करू नका, गावाकडून आलेलं पोरगं समोर पाच साहेब बघून गप्प होतं आणि मग मोजायचं ते मोजलंच जात नाही. एक जण प्रश्न विचारेल, बाकी फक्त लिहितील. संपल्यावर एक शब्द न बोलता प्रत्येकाने मार्क कागदावर लिहायचे आणि शेजारी एक वाक्य, की मुलगा काय बोलला म्हणून हे मार्क. मग एकदम उघडायचे. आधी बोलले तर सगळे सिनिअर माणसाच्या आकड्याकडे सरकतात आणि तुम्हाला वाटतं की काय छान एकमत आहे.

आमच्याकडे अशाच बैठकीत काय झालं ते सांगते, कारण त्यावरून माझा या सगळ्याकडे बघायचा दृष्टिकोनच बदलला. प्रश्न होता, ‘मशीनवर अचानक रिजेक्शन वाढलं तर काय करशील?’ ट्रेनी म्हणाला, ‘लगेच सुपरवायझरना सांगेन.’ प्रॉडक्शनच्या साहेबांनी ५ पैकी २ दिले, क्वालिटीच्या मॅडमनी ४. मी दोघांना आकडा सोडून फक्त वाक्य वाचायला सांगितलं. साहेबांचं वाक्य, ‘स्वतः काही बघत नाही, टूल झिजलंय का, ऑफसेट हललाय का, काहीच नाही, थेट साहेबाकडे पळतो.’ मॅडमचं वाक्य, ‘लपवत नाही, लगेच कळवतो.’ आता यात कडक कोण आणि सैल कोण? दोघं वेगळ्या गोष्टी मोजत होते. साहेब विचारशक्ती मोजत होते आणि मॅडम प्रामाणिकपणा, कारण मॅडमनी लपवलेल्या रिजेक्शनमुळे कस्टमरकडून आख्खा लॉट परत आलेला पाहिला होता. त्या दोघांच्या सरासरीतला फरक आम्ही वर्षभर स्वभावाचा म्हणत होतो, तो निम्मा तरी फॉर्मचा दोष होता. फॉर्मवर नुसतं ‘समस्या सोडवण्याची क्षमता’ आणि पुढे १ ते ५ असे गोल होते.

मग त्या प्रश्नाला आम्ही आकड्यांचा अर्थ लिहून काढला. काय करेल ते सांगताच येत नाही किंवा मशीन तसंच चालू ठेवतो, तर १. फक्त सुपरवायझरला सांगतो, तर २. मशीन थांबवतो, शेवटचे काही पीस गेजने किंवा व्हर्नियरने मोजतो आणि मग सांगतो, तर ३. कारण शोधायला एखादी तरी गोष्ट स्वतः बघतो, टूल, ऑफसेट, मटेरिअलचा नवीन लॉट, तर ४. आणि हे सगळं करून वर म्हणतो की आधीचे खराब पीस कुठून सुरू झाले ते शोधून वेगळे काढीन, तर ५. प्रामाणिकपणे कळवण्याला वेगळा प्रश्न आणि वेगळी ओळ दिली, म्हणजे मॅडमची काळजी पण फॉर्ममध्ये आली. पुढच्या ट्रेनीला त्याच ओळीवर दोघांचे ३ आणि ३ आले. प्रत्येक ओळीला असं होणार नाही, एक मार्काचा फरक चालवून घ्या, दोन किंवा जास्त असेल तिथेच थांबून वाक्यं वाचा. पाच ओळी असतील तर दोन तासांत होतं.

हे शब्द घरच्या कामातूनच आले पाहिजेत. नेटवरून ‘उत्कृष्ट, चांगले, समाधानकारक’ असा तक्ता उचलून आणला तर काहीच बदलत नाही, कारण सरांचं उत्कृष्ट आणि मॅडमचं उत्कृष्ट परत वेगळंच राहतं.

मुलाखतींच्या दिवसांत दोन गोष्टी. पहिली, मुलं चिठ्ठीने वाटा, कॉलेज किंवा आडनावाच्या क्रमाने अजिबात नाही. दुसरी, काही मुलं दोघांनी मिळून बघायची, आणि जोड्या फिरत्या ठेवायच्या. पाच जणांच्या जोड्या होतात दहा, प्रत्येक जोडीला दोन मुलं, म्हणजे १८० पैकी २० मुलं दोघांनी बघितली. प्रत्येक मुलाखतकाराचं काम ३६ वरून ४० वर जातं, पंधरा मिनिटांच्या हिशेबाने तीन दिवसांत एक तास जास्त. एवढ्या एका तासात तुम्हाला जे मिळतं ते ३६ मुलांच्या सरासरीतून मिळत नाही, कारण इथे मूल तेच आहे. प्रत्येकाची आठ मुलं चारही सहकाऱ्यांबरोबर बघून होतात. त्या आठ मुलांना त्याने दिलेल्या मार्कांतून जोडीदाराने दिलेले वजा करा आणि सरासरी काढा. उत्तर उणे पाच आलं तर तो खरंच कडक आहे, मुलं कुठल्या कॉलेजची होती हा प्रश्नच उरत नाही. अर्थात दोघांनी एकमेकांशी न बोलता मार्क लिहिले असतील तरच.

याच २० मुलांवरून अजून एक गोष्ट बघा, आणि माझ्या मते ती कडक-सैलपेक्षा मोठी आहे. क्रम जुळतो का? सर सगळ्यांना सहा कमी देतात पण मॅडमना जो मुलगा चांगला वाटला तोच सरांनाही त्यांच्या मापात चांगला वाटतो, तर तुमचं दुखणं किरकोळ आहे, वजाबाकीने सुटतं. पण तुमच्या त्या १५ सरासरीवाल्या तिघांपैकी एखादा असा असू शकतो की जोडीदाराने वर ठेवलेलं मूल तो खाली ठेवतो आणि खाली ठेवलेलं वर. त्याची सरासरी एकदम मधोमध म्हणून त्याच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही, आणि त्याच्या ३६ मुलांचं नशीब नुसतं नाणं उडवल्यासारखं असतं. यावर कुठलंही सूत्र चालत नाही. आमच्याकडे असा एक जण निघाला, त्यांची वाक्यं वाचली तर ‘आवाज खणखणीत’, ‘नजरेला नजर देतो’ असंच सगळीकडे. त्यांना आम्ही पुढच्या वेळी एकट्याने बसवलं नाही, कायम जोडीत बसवलं आणि वाक्यात मुलाचं उत्तर लिहायची सक्ती केली. आठ मुलांवरून निवाडा करू नका मात्र, आठात एक-दोन उलटसुलट होतातच, पाच-सहा उलटी असतील तर त्यांचे कागद वाचायला घ्या.

दुपारी जेवायच्या वेळेला पत्रक एकदा बघत जा, पण सरासऱ्या सगळ्यांसमोर वाचून दाखवू नका. मी ही चूक केलीय. पहिल्या दिवशी जेवताना सांगितलं की तुमचे ११ चाललेत आणि तुमचे १९, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या सरासऱ्या १५, मला वाटलं जमलं. तिसऱ्या दिवशी कागद बघितले तर सगळ्यांनी सगळ्यांना ३-३-३ दिलेले, पसारा निम्म्यावर आलेला. फरक गेला आणि त्याबरोबर माहितीही गेली. आता मी ज्याला सांगायचं त्याला बाजूला घेते आणि ‘मार्क वाढवा’ असं कधीच म्हणत नाही, त्याचे दोन कागद काढते आणि विचारते की या मुलाने पीस मोजले असं तुम्हीच लिहिलंय, तक्त्यात ते ३ आहे, तुम्ही २ का दिले. कधी कधी त्यांचं कारण बरोबर असतं आणि तक्ता दुरुस्त होतो.

दिवसभरातला क्रम पण थोडा बघा. एमबीए प्रवेशाच्या नऊ हजारांहून जास्त मुलाखतींचा एक अभ्यास २०१३ मध्ये आला होता, त्यात दिसलं की मुलाखतकाराने त्या दिवशी आधीच बऱ्याच जणांना चांगले मार्क दिले असतील तर पुढच्याला तो कमी देतो, जणू एका दिवशी इतकीच चांगली मुलं असायला हवीत. म्हणून मी प्रत्येक मुलाचे मार्क तो दाराबाहेर जायच्या आत भरून, कागद पालथा करून बॉक्समध्ये टाकायला लावते, आधीचे कागद टेबलावर ठेवू देत नाही. तरी हे पूर्ण जात नाही, थोडं कमी होतं.

तुमच्या सरांशी बोलायचं असेल तर १२ ची सरासरी घेऊन जाऊ नका. त्यांनी १६ आणि त्याच्या वर दिलेल्या मुलांचे कागद घेऊन जा आणि त्यांनाच विचारा की या मुलांनी काय सांगितलं म्हणून तुम्ही इतके दिले. त्यांच्या त्या उत्तरातूनच पुढच्या बॅचच्या तक्त्यातली ४ आणि ५ ची वाक्यं मिळतील. मॅडमकडे उलट जा, त्यांनी १५ च्या खाली दिलेले कागद घेऊन, १ आणि २ ची वाक्यं त्यांच्याकडून येतील. आणि दुसऱ्या मुलाखतीची ती ३५ नावं लवकर कळवा, बाहेरगावची मुलं असतात, त्यांना यायचा खर्च कंपनीने द्यावा म्हणून आत्ताच मंजुरी घेऊन ठेवा.